उकळलेलें दूध बाटलींत कां नासतें?

दूध चांगलें उकळलें, निववून बाटलींत भरलें आणि शीतकपाटांत ठेविलें, म्हणजे तें दोन दिवस तरी टिकावें, अशी सर्वांची समजूत असते व ती बरोबरही आहे. असें असतां पुष्कळ घरीं हें दूध दुसऱ्याच दिवशीं आंबट होतें, किंवा चहासाठीं तापवितांना फाटतें. मग दोष येतो तो दूध घालणाऱ्यावर. दुधांत पाणी होतें, शिळें दूध मिसळलें होतें, असे आरोप होऊन बरेच दिवस चाललेला रतीब तुटतो. तेव्हां या प्रकरणाची चौकशी करणें आपणां शेतकऱ्यांच्याच हिताचें आहे. आमच्या मतें बहुतेक प्रसंगीं अपराधी दूध नसून, तें ज्यांत भरलें तें भांडें असतें. कसें तें पाहूं.

उकळण्यानें काय साधतें व काय साधत नाहीं

दूध आंबतें तें सूक्ष्म जंतूंमुळें, हें फ्रान्समधील पाश्चर या शास्त्रज्ञानें १८५७ सालीं दाखवून दिलें. हे जंतु दुधांतील साखर खातात व तिचें आम्ल बनवितात. आपण विरजण लावतों, तेव्हां हेच जंतु मुद्दाम दुधांत सोडीत असतों. दुधास दोन-तीन उकळ्या चांगल्या येऊं दिल्या, म्हणजे हे आंबविणारे जंतु मरून जातात.

परंतु माती, चारा व शेण यांतून दुधांत येणारे दुसरे कांहीं जंतु असे आहेत कीं, ते आपल्याभोंवतीं कठीण कवच करून बियाण्यासारखे निपचित पडून राहतात. त्यांस बीजाणु म्हणतात. साध्या उकळीनें हे सर्व बीजाणु मरत नाहींत. जर्मन शास्त्रज्ञ कोन यानें १८७६ सालीं ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध केली. दूध कोमट होऊन तसेंच राहिलें, कीं हे बीजाणु रुजतात व वाढूं लागतात. ते दुधांतील साखरेपेक्षां त्यांतील सत्त्वभागावर अधिक तुटून पडतात. त्यामुळें दूध फारसें आंबट न होतां कडवट होतें, किंवा आंबटपणावांचूनच घट्ट होऊन फाटतें.

यावरून एक उपयुक्त खूण हातीं येते. उकळलेलें दूध कडवट झालें किंवा गोड असतांच फाटलें, तर तें बहुधा उकळींतून वांचलेल्या बीजाणूंचें काम होय. म्हणजे दूध फार वेळ कोमट राहिलें. पण तेंच दूध दह्यासारखें आंबट झालें, तर तीं कामें करणारे जंतु उकळींत मेलेलेच होते. ते मागाहून आंत आले. मागाहून दुधाचा संबंध येतो तो गाळणी, पळी, बाटली आणि तिचें झांकण यांच्याशींच.

एक प्रत्यक्ष प्रकरण

आमच्या परिचयाचे एक बागाईतदार तालुक्याच्या गांवीं एका घरीं दोन लिटर म्हशीच्या दुधाचा रतीब घालीत असत. त्या घरीं एक वृद्ध गृहस्थ आजारी होते व त्यांचा बहुतेक आहार दुधाचाच होता. चैत्र महिन्यांत दूध वारंवार आंबूं लागलें, आणि घरच्या मंडळींनीं रतीब बंद करण्याचें ठरविलें. पंचनाम्यावांचून निकाल देऊं नये, ही आमची नोकरींतली जुनी संवय. म्हणून दोन्ही पक्षांच्या संमतीनें आम्हीं एक साधी परीक्षा केली.

दीड लिटर दूध एकाच पातेल्यांत चांगलें उकळलें. अर्धा लिटर त्याच पातेल्यांत झांकून ठेविलें. अर्धा लिटर घरच्या नेहमींच्या बाटलींत, जशी धुतलेली होती तशींत, ओतलें. उरलेलें अर्धा लिटर तसल्याच दुसऱ्या बाटलींत भरलें. मात्र ती बाटली व तिचें झांकण पुढें सांगितलेल्या रीतीनें धुवून घेतलें होतें. निकाल लवकर कळावा म्हणून तिन्ही भांडीं शीतकपाटांत न ठेवितां ओट्यावरच ठेविलीं. त्या वेळीं सकाळचे आठ वाजले होते. दर दोन तासांनीं प्रत्येकांतील पळीभर दूध तापवून पाहिलें. थोडें आंबलेलें दूध जिभेस कळत नाहीं, पण तापविलें कीं फाटतें, म्हणून ही कसोटी सोपी व खात्रीची आहे.

दुपारीं चार वाजतां नेहमींच्या बाटलींतील दूध फाटलें. इतर दोन्ही रात्रीं आठपर्यंत चांगलीं राहिलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पातेल्यांतील दूध पाहिलें, तेव्हां तें आंबट नव्हतें, पण किंचित् कडवट लागत होतें. दूध एकच, उकळी एकच. फरक काय तो बाटलीचा. मग त्या बाटलीच्या झांकणांतील रबरी कडें सुरीच्या टोंकानें उचलून काढलें. त्याखालीं पिवळसर, चिकट, आंबूस वासाचा थर सांपडला. बाटली रोज धुतली जात होती. कडें मात्र कधींच निघालें नव्हतें. तो थर म्हणजे रोजच्या दुधास आपोआप लागणारें विरजणच होय. रतीब पुढें चालू राहिला.

एवढासा थर इतकें कां करितो, याचा हिशेब सोपा आहे. चैत्रांतल्या उष्णतेंत हे जंतु सुमारें अर्ध्या तासांत दुप्पट होतात. आठ तासांत ते सोळा वेळां दुप्पट होतील, म्हणजे एकाचे सुमारें ६५,००० होतील. थरांतून एक लाख जंतु दुधांत उतरले असें धरिलें, तर संध्याकाळपर्यंत ते साडेसहाशें कोटींच्या घरांत जातात. उलट धुण्यानें एक लाखांऐवजीं शंभरच उरले, तर तीच संख्या गांठण्यास आणखी पांच तास लागतात. शीतकपाटांत ही वाढ फार मंदावते, पण थांबत नाहीं. आणि बाटली दिवसांतून पांच-सहा वेळां बाहेर राहिली, तर प्रत्येक वेळीं ती पुन्हां वेग घेते.

थर्मासची निराळी गोष्ट

थर्मासची मूळ कल्पना लंडन येथें सर जेम्स ड्यूअर यांनीं १८९२ सालीं काढली. दोन भिंतींमधील हवा काढून टाकिली असतां उष्णता आंतून बाहेर किंवा बाहेरून आंत सहसा जात नाहीं, हें तिचें तत्त्व. त्यामुळें गरम दूध थर्मासमध्यें बंद करून शीतकपाटांत ठेवणें अगदीं निष्फळ आहे. कपाटाचा गारवा आंत पोंचतच नाहीं. दूध हळुहळू ६० अंश सेंटिग्रेडच्या खालीं उतरतें आणि मग कित्येक तास कोमट राहतें. थंडीच्या दिवसांत विरजणाचें भांडें आपण गोधडींत गुंडाळून ठेवितों, त्याचाच हा प्रकार झाला.

म्हणून थर्मास दोनच कामीं वापरावा. एक, कढत दूध थोड्या वेळासाठीं नेणें: आधीं आंत उकळतें पाणी पांच मिनिटें ठेवून तें ओतून टाकावें, मग उकळतें दूध भरावें व दोन-तीन तासांत संपवावें. दुसरें, शीतकपाटांत आधींच पूर्ण गार झालेलें दूध प्रवासांत नेणें. कोमट दूध त्यांत कधींही भरूं नये. तान्ह्या मुलाचें दूध तर थर्मासमध्यें कोमट राखून रात्रीं पाजणें धोक्याचें आहे. बीजाणूंपासून वाढणारे कांहीं जंतु असें विष तयार करतात कीं, तें पुन्हां उकळण्यानेंही नाहींसें होत नाहीं.

धुण्याची रीत

दुधाचें भांडें रिकामें झालें कीं तत्काळ थंड पाण्यानें विसळावें. आरंभींच कढत पाणी घालूं नये. त्यानें दुधांतील सत्त्वभाग शिजून भांड्यास चिकटतो. वाळलेलें दूध निघण्यास कठीण, म्हणून धुण्यास वेळ नसेल तर निदान पाणी भरून ठेवावें.

नंतर अर्धा लिटर गरम पाण्यांत चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवून तें पाणी आंत भरावें व पंधरा मिनिटें राहूं द्यावें. सोड्यानें लोणकट सुटतो. मग लांब दांड्याच्या मऊ ब्रशानें तळ, मान व कांठ घांसावा. झांकण, बूच आणि रबरी कडें सुटें करून तितक्याच काळजीनें घांसावें. ॲल्युमिनियमच्या भांड्यास सोडा लावूं नये, त्यानें धातु झिजते. तेथें साबण वापरावा. कांचेच्या थर्मासमध्यें राख, वाळू किंवा तारेची घांसणी घालूं नये; ओरखड्यांत दूध बसतें व कांच तडकते.

सोड्यानें न निघणारा एक पांढुरका खरखरीत थर कांहीं दिवसांनीं तळाशीं दिसूं लागतो. तो दुधांतील व पाण्यांतील चुन्याच्या क्षारांचा असतो व त्याच्या आडोशास जंतु सुरक्षित राहतात. आठवड्यांतून एकदां एक लिटर कोमट पाण्यांत चहाचा एक चमचा लिंबाचें सत्त्व घालून तें वीस मिनिटें ठेविलें, म्हणजे हा थर सुटतो. बोट फिरवून भांडें गुळगुळीत लागलें पाहिजे. जंतुनाशक पांढरी भुकटी, म्हणजे ब्लीचिंग पावडर, व आंबट पदार्थ कधींही एकत्र करूं नयेत; त्यांतून विषारी वायु निघतो.

स्वच्छ पाण्यानें खळबळून शेवटीं भांडें उकळत्या पाण्याचें करावें. पोलादी थर्मास उकळत्या पाण्यानें कांठोकांठ भरून दहा मिनिटें ठेवावा. कांचेच्या थर्मासमध्यें आधीं कोमट, मग गरम, मग कढत असें क्रमानें पाणी घालावें. साधी कांचेची बाटली तळाशीं फडकें घातलेल्या पातेल्यांत थंड पाण्यांत ठेवून तापवीत न्यावी व दहा मिनिटें उकळावी. प्लास्टिकची बाटली ही उष्णता सोसेलच असें नाहीं. ओरखडे पडले कीं ती दुधास वापरणें सोडावें.

धुतलेलें भांडें आंतून फडक्यानें पुसूं नये, कारण फडक्यांतील जंतु पुन्हां आंत जातात. तें कलतें पालथें ठेवून वाऱ्यानें वाळूं द्यावें आणि झांकण न लावितां ठेवावें. बंद भांड्यांत राहिलेला पाण्याचा थेंबही जंतूंस पुरतो. दुसऱ्या दिवशीं बूच काढतांच कुबट वास आला, तर धुणें अपुरें झालें असें समजावें व तें पुन्हां करावें.

राहतां राहिलें दूध निवविणें. उकळल्यावर पातेलें थंड पाण्याच्या परातींत ठेवावें, पाणी एक-दोनदां बदलावें आणि उकळलेल्या पळीनें दूध ढवळावें. साय धरली कीं आंतली ऊब कोंडते. हातास गार लागलें, कीं लहान बाटल्यांत भरून कपाटांत ठेवावें. कालच्या बाटलींतील उरलेल्या दुधावर आजचें दूध ओतूं नये. असें केल्यास कितीही उकळलेलें दूध कालच्या जंतूंच्या स्वाधीन होतें.