रात्री दोन वाजता सिस्टरने कुणाला फोन करायचा?

दहा-पंधरा खाटांच्या प्रसूतिगृहात स्टाफ नर्सच्या नेमणूकपत्रावर बहुधा ‘रुग्णसेवा व डॉक्टर सांगतील ती कामे’ एवढंच लिहिलेलं असतं. ते पुरेसं नाही, हे रात्रपाळीत कळतं.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास घ्या. दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब पाहायचा, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का ते तपासायचं, पॅड पाहायचं आणि सगळं वेळेसह लिहायचं, हे कामाच्या वर्णनात स्पष्ट हवं. समजा, गर्भाशय मऊ लागलं, पॅड भराभर भिजतंय, नाडी ९० वरून ११५ झाली. रक्तदाब अजून ठीक दिसतो, पण त्यावर विसंबू नये. तो उशिरा घसरतो. अशा वेळी सिस्टरने मदतीला हाक मारून गर्भाशय चोळायला लागायचं, सलाईन सुरू करायचं आणि डॉक्टरांनी आधीच लेखी ठरवून दिलेलं ऑक्सिटोसिन द्यायचं.

आणि फोन? रजा, पाळ्या, औषधांचा साठा यांसाठी ती इन्चार्ज सिस्टरला उत्तरदायी असते. रुग्णाच्या प्रकृतीबाबत मात्र तिने थेट प्रसूतितज्ज्ञांना फोन करावा. ते उचलत नसतील तर दुसरे डॉक्टर कोण, हेही नावानिशी लिहिलेलं असावं. माझ्या मते संपूर्ण कागदातली हीच ओळ सर्वांत आधी लिहावी. इन्चार्ज सिस्टरला नंतर कळवलं तरी चालतं.