पुडीवरच्या चित्राच्या आधी

तंबाखूच्या पुडीची ८५ टक्के जागा इशाऱ्यासाठी राखून ठेवण्याचा नियम एप्रिल २०१६पासून लागू आहे. त्या जागेत सडलेला गाल दिसतो, उघडी पडलेली जखम दिसते. तंबाखू खाणारा ते चित्र बघतो, स्वतःच्या गालावरून हात फिरवतो आणि निर्धास्त होतो, कारण त्याचं काही असं झालेलं नसतं. चित्रातला रोग फार पुढे गेलेला आहे. त्याआधी तोंडात जे दिसतं ते इतकं किरकोळ असतं, की डॉक्टरला दाखवायलाही संकोच वाटावा, आणि बहुतेक वेळा ते दुखतही नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या हातात एखादं पत्रक द्यायचंच असेल, तर त्यात हा आधीचा काळ लिहिलेला हवा.

प्रत्येक खाणाऱ्याची बार ठेवायची जागा ठरलेली असते. कुणाची खालच्या ओठाच्या आत, कुणाची डाव्या गालात, दाढांच्या बाजूला. मिश्री लावणाऱ्या बाईची जागा म्हणजे पुढच्या हिरड्या. विदर्भातला खर्रा एका गालात धरून तासभर चघळला जातो. गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत होणारा कॅन्सर आपल्याकडे इतका दिसतो, त्याचं कारण ही ठरलेली जागा. तंबाखू वाळवताना आणि मुरवताना नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात. ती वर्षानुवर्षं त्याच चार बोटं कातडीला लागत राहतात. त्यात चुना दोन कामं करतो. त्याच्यामुळे तंबाखूतलं निकोटीन भराभर रक्तात शिरतं, म्हणून चुन्याशिवाय मजा येत नाही. आणि तोच चुना आतली नाजूक त्वचा भाजून काढतो.

तपासणीची सुरुवात म्हणूनच या जागेपासून करायची. महिन्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात, खुळखुळून चूळ भरून, कवळी असेल तर काढून आरशासमोर उभं राहायचं. खालचा ओठ बाहेर उलटवायचा. मग बोटाने एकेक गाल बाहेर ओढून गाल-हिरडीची खाच वरपासून खालपर्यंत बघायची. जीभ फडक्यात धरून दोन्ही कडा बघायच्या, जीभ टाळूला लावून तिच्याखालीही नजर टाकायची. नंतर हात धुऊन बोटाने चाचपायचं. हे लोक सोडून देतात, पण डोळ्यांना दिसण्याआधी कठीणपणा कधीकधी बोटाला कळतो.

पांढरा चट्टा दिसला तर तो ओल्या कापडाने पुसून बघा. पुसला गेला तर ते बहुधा साय धरलेलं काहीतरी किंवा बुरशी. पुसला जात नसेल तर दाखवायला हवा. मखमलीसारखा लाल चट्टा, किंवा लाल-पांढरा मिसळलेला, हा नुसत्या पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा आणि त्याच्यासाठी थांबायचं नाही. एक गोष्ट मात्र उगाच घाबरवते: दोन्ही गालांच्या आत, दात मिटतात त्या उंचीवर एक बारीक पांढरी रेघ पुष्कळांना असते. ती दातांच्या दाबाने येते आणि तिचं काही करावं लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तोंडातल्या जखमेचा. उष्णतेने तोंड आलं असं आपण म्हणतो, ते फोड चांगलेच झोंबतात आणि आठ-दहा दिवसांत भरतात. दाताचं टोक लागून झालेली जखम ते टोक घासून दिल्यावर भरते. कॅन्सरची जखम सुरुवातीला बहुधा झोंबत नाही. तिच्या कडा उचललेल्या असतात, तळ बोटाला टणक लागतो आणि ती भरत नाही. माणूस मेडिकलमधून मलम आणतो, मग बी-कॉम्प्लेक्स, मग दुसरं मलम, आणि दुखत नाही म्हणून चार महिने जातात. नियम असा ठेवायचा: तोंडातली कुठलीही जखम, गाठ किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर औषध बदलायचं नाही, दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. दात काढल्यानंतरची खाच भरून येत नाही, चांगला दात अचानक हलू लागला, खालचा ओठ बधिर वाटतो, मानेत न दुखणारी गाठ लागते, गिळताना अडतं किंवा एकाच कानात कळ येते, यालाही हाच नियम.

सुपारीची गोष्ट वेगळी. खर्रा, मावा, गुटखा, सुगंधी सुपारी खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा हळूहळू ताठ होत जाते, आणि हे विशीतल्या पोरांतही दिसतं. सुरुवात होते ती जेवताना. घरातल्या सगळ्यांना चालणारी भाजी एकट्यालाच आग करते. पुढे गाल आतून फिकट, पांढुरके दिसतात, त्यात दोऱ्यांसारखे पट्टे बोटाला लागतात आणि तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये उभी घालून बघा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती जायला हवीत. दोनच जात असतील किंवा अख्खी पाणीपुरी तोंडात मावेनाशी झाली असेल, तर काम पुढे गेलंय. सुपारी सोडल्यावर ते थांबू शकतं, पण ताठरलेली त्वचा पूर्वीसारखी होत नाही, आणि यातून कॅन्सरही होतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे. पण ‘तंबाखू नसलेली’ म्हणून विकली जाणारी सुपारी निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे.

नुसतं नजरेने बघून काय होणार, असं वाटेल. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडं ठरावीक काळाने तपासली आणि तपासणी न झालेल्या वस्त्यांशी तुलना केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. घरचा आरसा प्रशिक्षित नजरेची जागा घेत नाही, शेवटच्या दाढेमागचा भाग तर त्यात दिसतच नाही. म्हणून वर्षातून एकदा दंतवैद्याला तोंड दाखवावं. पुष्कळ ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो. तिथे तुकडा काढून तपासायचं ठरलं तर ‘हत्यार लावलं की पसरतो’ ही भीती आडवी येते. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो न तपासता घालवलेल्या महिन्यांत.

आता सोडण्याकडे येऊ. समजा, इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा पंचेचाळिशीचा कामगार आहे. त्याला दत्ताभाऊ म्हणू. मागाजवळ सुताचा कापूस उडतो, तिथे विडी चालत नाही, म्हणून चंची कमरेला. ‘उद्यापासून बंद’ हे त्याचं अनेकदा म्हणून झालेलं आहे.

या खेपेला त्याने पहिले तीन दिवस काहीच सोडायचं नाही. फक्त प्रत्येक बार लावताना वेळ आणि कारण खिशातल्या कागदावर लिहायचं. तिसऱ्या दिवशी कागदावर जे उमटेल त्याला एक आकार असेल: पहाटे उठल्याउठल्या पोट साफ व्हायला एक, चहावर एक, जेवणानंतर एक, रात्रपाळीत पेंग आली की दोन-तीन, आणि उरलेले शेजारच्या मागवाल्याने मळून हात पुढे केला म्हणून. प्रत्येक कारणाला वेगळा उपाय लागतो. नुसत्या निर्धाराने पाचही कारणं एकदम भागत नाहीत.

पहाटेचा बार सगळ्यात चिवट. तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही, हा बहाणा नाही. निकोटीन आतड्यांना ढकलतं, आणि ते बंद झालं की सुरुवातीला बद्धकोष्ठ होतं. पुष्कळ जण चौथ्या दिवशी परत वळतात ते इथेच. म्हणून सोडण्याच्या आठवडाभर आधीच पाणी वाढवायचं, पालेभाजी आणि फळ रोज खायचं, रात्री पाण्यातून इसबगोल घ्यायचा आणि सकाळी कोमट पाणी पिऊन ठरल्या वेळी बसायचं. दोन-तीन आठवड्यांत आतडी बहुधा ताळ्यावर येतात.

दत्ताभाऊ उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लावतो, याचा अर्थ त्याच्या शरीराला निकोटीनची घट्ट सवय आहे. अशाला निकोटीनच्या च्युइंगमचा आधार उपयोगी पडतो. दोन मिलिग्रॅमचं गम औषधाच्या दुकानात मिळतं, चारचं डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावं. चूक होते ती चघळण्यात. साध्या गमसारखं भरभर चावलं तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि माणूस ‘हे काही जमत नाही’ म्हणून टाकून देतो. सावकाश चावायचं, तिखटपणा जाणवला की थांबून गालात ठेवायचं, चव गेली की परत चावायचं, असं साधारण अर्धा तास. दर वेळी गाल बदलायचा. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद. हृदयविकार असेल, बाई गरोदर असेल, तोंडात जखम असेल किंवा तोंड उघडत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. तोंड उघडत नसलेल्याला कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी देता येते.

सोडण्याचा दिवस साप्ताहिक सुट्टीचा धरावा. आदल्या रात्री चंची, चुन्याची डबी, खिशातली पुडी घराबाहेर. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट: चिडचिड, डोकं जड, झोप उडालेली. घरच्यांना आधी सांगून ठेवलं तर भांडणं कमी होतात. तल्लफ येते तेव्हा ती कधी संपणारच नाही असं वाटतं, पण तिचा जोर बहुधा पाच मिनिटांच्या आत ओसरतो. तेवढ्यात घोट घोट पाणी प्यायचं, तोंड धुवायचं, मागांच्या रांगेतून एक चक्कर मारायची. बडीशेप, लवंग चालते. सुपारी, मिश्री, पानमसाला किंवा विडी बदली म्हणून चालत नाही. शेजाऱ्याच्या पुढे आलेल्या हाताला मात्र पहिल्याच दिवशी उत्तर तयार हवं: ‘तोंडात चट्टा आलाय, डॉक्टरनी बंद केलंय.’ ‘सोडलं’ म्हटलं की लोक आग्रह करतात, डॉक्टरचं नाव घेतलं की हात मागे घेतात.

एखाद्या लग्नात एक बार लागला तर सगळं वाया गेलं असं धरून पुडी विकत घेणं, इथे खरा घात होतो. तो बार थुंकायचा, कागदावर कारण लिहायचं आणि पुढे चालायचं. फोनवर बोलायला माणूस हवा असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. तो पुडीवरही छापलेला असतो.

सोडल्यावर काही पांढरे चट्टे आपोआप विरतात. जे सहा आठवड्यांत विरत नाहीत किंवा खडबडीत होतात, त्यांचा तुकडा तपासावा लागू शकतो. धोकाही एका दिवसात जात नाही, तो वर्षावर्षाने उतरतो, म्हणून ती जुनी जागा पुढेही दर महिन्याला बघत राहायची. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर तोंड उघडण्याआधी तीन गोष्टी सांगा: बार कुठल्या बाजूला ठेवत होतो, किती वर्षं, आणि त्यात सुपारी होती की नुसता चुना. त्यामुळे डॉक्टर दिवा कुठे धरायचा ते ठरवतो.