सोमवारचं गुणपत्रक

एखाद्या औषधाची बॅच कंपनीने परत मागवली, की घाऊक विक्रेत्याच्या, म्हणजे स्टॉकिस्टच्या कचेरीत दोन प्रश्न उभे राहतात. ही बॅच कोणकोणत्या मेडिकल दुकानांत गेली? आणि त्या दुकानांना आत्ताच्या आत्ता फोन कुठे लावायचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बिलांच्या टेबलात असतं आणि दुसऱ्याचं पार्टी मास्टरमध्ये. दुकानाचं नाव, पत्ता, मोबाइल, जीएसटी क्रमांक अशी माहिती ज्या टेबलात ठेवतात, त्याला या धंद्यात पार्टी मास्टर म्हणतात. या दोन टेबलांवर भरवसा ठेवावा की नाही, हे बॅच परत मागवली जाते त्या दिवशी कळून उपयोग नसतो. त्यासाठी दर आठवड्याला त्यांचं एक गुणपत्रक काढतात आणि ते तीन गोष्टी मोजतं. रकाने भरलेले आहेत का, ही पूर्णता. एकच गोष्ट दोनदा तर नोंदलेली नाही ना, ही एकमेवता. भरलेली माहिती ठरलेल्या नियमांत बसते का, ही वैधता.

ऐकायला हे अगदी सोपं वाटतं. खरी अडचण सुरू होते ती टक्केवारी काढताना, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा भागाकाराच्या खालच्या आकड्यात असतं.

उदाहरणासाठी एक मध्यम स्टॉकिस्ट घेऊ. समजा, त्याच्या पार्टी मास्टरमध्ये ४,००० दुकानं आहेत आणि त्यांपैकी २,९४० दुकानांचे जीएसटी क्रमांक भरलेले आहेत. सरळ हिशेब केला तर पूर्णता ७३.५ टक्के येते. हा आकडा बघून कुणीही घाबरेल. पण केवळ माल विकणाऱ्या दुकानाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात त्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. समजा, या ४,००० मधली १,००० दुकानं अशी छोटी आहेत. त्यांचा रकाना रिकामा असणं ही चूक नव्हे, तेच बरोबर आहे. म्हणून भागायचं ते नोंदणी असलेल्या ३,००० दुकानांनी. मग पूर्णता ९८ टक्के होते आणि हातात एक नेमकं काम येतं: ६० दुकानांचे क्रमांक मिळवायचे आहेत.

```sql
SELECT COUNT(*) AS total,
       COUNT(NULLIF(TRIM(gstin), '')) AS filled
FROM party_master
WHERE gst_registered = 'Y';
```

यातली `NULLIF` आणि `TRIM` ही जोडी महत्त्वाची आहे. नुसतं `COUNT(gstin)` लिहिलं, तर बहुतेक डेटाबेस ज्या रकान्यात कुणीतरी स्पेसबार दाबून ठेवला आहे तो रकानाही भरलेला म्हणून मोजतात. एवढं करूनही `NA`, `-`, `0` असली भरती उरतेच, तिची वेगळी यादी करून ती वगळावी लागते. आणखी एक पळवाट मी आवर्जून तपासतो. क्रमांक विचारण्याचा त्रास नको म्हणून बिल करणारा माणूस दुकानाला ‘नोंदणी नाही’ अशी खूण करून टाकू शकतो. पूर्णता लगेच वाढते. म्हणून गुणपत्रकावर टक्केवारीच्या शेजारी नोंदणी नसलेल्या दुकानांची संख्याही छापावी. ती एका आठवड्यात १,००० वरून १,०५० झाली, तर एवढी छोटी दुकानं अचानक कुठून आली, हे विचारायला हवं.

वैधतेसाठी जीएसटी क्रमांकाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. त्याची रचनाच तपासणीच्या सोयीची आहे. एकूण १५ अक्षरं. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. तेरावं स्थान त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगतं, चौदाव्या जागी सहसा Z असतो आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने काढलेलं असतं. घाईत शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप झाला, तर नुसत्या रचनेवरूनच चूक पकडली जाते, कारण पॅनमध्ये कुठे अंक आणि कुठे अक्षर हे ठरलेलं आहे. पण 4572 च्या जागी 4752 पडलं, तर रचना बिघडत नाही. तिथे शेवटचं अक्षर कामी येतं. एक अक्षर चुकलं तर त्याचं गणित जुळत नाही, आणि शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदलही जवळजवळ नेहमी उघडी पडते. वैधतेच्या नियमात फक्त रचना तपासायची की हे गणितही करायचं, यावर आकडा बदलतो. मी दोन्ही करावं या मताचा आहे. चुकीच्या क्रमांकाने बिल पुढे गेलं, तर त्या दुकानदाराला त्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये ती खरेदी दिसत नाही आणि त्याने भरलेल्या कराची वजावट अडकते. चूक स्टॉकिस्टची, पैसे अडकतात दुकानदाराचे.

गुणपत्रक आठवड्याचं का, याचंही उत्तर इथेच सापडतं. मासिक विवरण भरणाऱ्यांना आधीच्या महिन्याच्या विक्रीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यायचं असतं. महिन्यातून एकदा तपासलं, तर तोवर चुकीची बिलं साठून बसतात. रोज तपासलं, तर सुट्टीचा दिवस, अर्धवट आलेली फाइल अशा किरकोळ कारणांनी आकडा हलत राहतो आणि माणसं त्याकडे बघणं सोडून देतात.

एकमेवता मोजताना प्रश्न असतो तो कशाची एकमेवता, हा. पार्टी कोड मोजला तर ती नेहमी १०० टक्के येणार, कारण तो कोड सॉफ्टवेअर स्वतःच देतं. त्याच दुकानाची ‘श्री गणेश मेडिकल’ आणि ‘गणेश मेडिकल स्टोअर्स’ अशी दोन खाती उघडली, तरी दोघांना वेगवेगळे कोड मिळतात आणि उधारीची मर्यादा नकळत दुप्पट होते. मग जीएसटी क्रमांक मोजावा, तर एकाच मालकाच्या एकाच राज्यातल्या तीन शाखा एकाच क्रमांकावर चालू शकतात. त्या तीन ओळी चूक नाहीत. म्हणून जीएसटी क्रमांक आणि पिनकोड मिळून एकमेवता बघणं बरं. तेही परिपूर्ण नाही. एकाच पिनकोडात दोन शाखा असल्या की खोटी हाक येते, पण अशी थोडीच खाती असतात आणि ती एकदा हाताने तपासून बाजूला ठेवता येतात.

बिलांच्या टेबलात तर हा प्रश्न तारखेवर येऊन ठेपतो. कायद्याने बिल क्रमांक एका आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो, आणि बरेच व्यापारी १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरुवात करतात. नुसत्या बिल क्रमांकाची एकमेवता मोजणारं गुणपत्रक दर एप्रिलमध्ये लाल होतं. क्रमांकाला आर्थिक वर्षाची जोड दिली, की ते शांत होतं.

आता तिन्ही आकडे एकत्र का वाचायचे, ते मोबाइलच्या रकान्यावरून बघू. आपल्या स्टॉकिस्टकडे एका सोमवारी ४,००० पैकी ३,२८० मोबाइल भरलेले होते. पूर्णता ८२ टक्के. भरलेल्यांपैकी ३,२४७ वेगवेगळे होते, म्हणजे एकमेवता ९९ टक्के. वैधतेचा नियम असा, की क्रमांक दहा अंकी हवा आणि पहिला अंक ६ ते ९ मधला हवा. त्यात ३,२१४ बसत होते, ९८ टक्के. मालकांना ८२ टक्के कमी वाटले. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला सांगून बदल करून घेतला: मोबाइल भरल्याशिवाय बिल छापलं जाणार नाही.

पुढच्या सोमवारी पूर्णता ९९ टक्के झाली. ३,९६० मोबाइल भरले गेले होते. मेडिकल दुकानं दिवसाआड माल मागवतात, त्यामुळे आठवडाभरात जवळजवळ प्रत्येक पार्टीचं बिल झालं होतं. वैधताही किंचित वाढून ९८.३ वर गेली. फक्त एकमेवता ९९ वरून ८३ वर कोसळली. कारण शोधायला एक साधी विचारणा पुरते:

```sql
SELECT mobile, COUNT(*) AS times
FROM party_master
WHERE TRIM(mobile) <> ''
GROUP BY mobile
HAVING COUNT(*) > 1
ORDER BY times DESC;
```

सगळ्यात वरच्या ओळीत 9999999999 हा क्रमांक आणि त्यापुढे ६४० हा आकडा आला. दहा अंक, पहिला अंक ९, म्हणजे नियमाने वैध. काउंटरवर टेम्पो उभा, ड्रायव्हर बिलासाठी ताटकळलेला आणि सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही, अशा वेळी बिल करणाऱ्याने आणखी काय करायचं होतं? त्याच्यावर ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. ‘क्रमांक मिळालेला नाही’ हे खरं उत्तर देण्याची जागाच त्याला ठेवली नव्हती. आठवड्यात खरोखर नवे मिळालेले क्रमांक फक्त ४० होते.

तिन्ही आकड्यांची सरासरी काढून एकच गुण देणारी गुणपत्रकं मी पाहिली आहेत. इथे ती सरासरी आधीच्या सोमवारी ९३ आली असती आणि पुढच्या सोमवारी ९३.४. म्हणजे सुधारणा!

गुणपत्रकाला जे दिसत नाही, तेही माहीत असावं. क्रमांक वैध असला, तरी तो दुसऱ्याच माणसाचा असू शकतो, ते फोन लावल्यावरच कळतं. म्हणून आठवड्याला वीसेक पार्ट्या चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि प्रत्यक्ष फोन करून पाहावा. तसंच एखाद्या शाखेची शनिवारची बिलं आलीच नाहीत, तर आलेल्या बिलांचे सगळे रकाने भरलेलेच असतात आणि पूर्णता १०० टक्के दिसते. त्यासाठी शाखेनुसार ओळींची संख्या आधीच्या शनिवारांशी ताडून बघावी लागते आणि बिल क्रमांकांच्या मालिकेत खंड पडला आहे का, ते तपासावं लागतं.

आपल्या स्टॉकिस्टकडे पुढे दोन बदल झाले. मोबाइलच्या रकान्याशेजारी ‘मिळालेला नाही’ ही निवड आली आणि एकच अंक दहा वेळा आलेला क्रमांक वैधतेच्या नियमातून बाद झाला. नियम बदलल्याची तारीख गुणपत्रकावर नोंदवली, नाहीतर त्या आठवड्यातला फरक माहितीचा की नियमाचा, हे नंतर कुणालाच सांगता आलं नसतं. ६४० खोटे क्रमांक पुसले. तिसऱ्या सोमवारी भरलेले मोबाइल ३,३२० होते: पूर्णता ८३, एकमेवता ९९, वैधता ९८. मालकांनी ९९ वरून खाली आलेला तो ८३ मान्य केला आणि क्रमांक नसलेल्या ६८० दुकानांची यादी मार्गांनुसार तोडून माल पोचवणाऱ्या पोरांच्या हातात दिली.