कमी वजनाच्या बाळासाठी आईच्या छातीची ऊब
घरी करावयाच्या ‘कांगारू मदर केअर’ची रीत

कल्याणमधील घराघरांतून ‘बाळाला पेटीत ठेवले आहे’ हे वाक्य ऐकू येते. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरलेले बाळ हे कमी वजनाचे बाळ समजले जाते. ते बाळ काचेच्या पेटीतून बाहेर येते, दूध ओढू लागते, वजन वाढू लागते आणि एके दिवशी डॉक्टर घरी नेण्याची परवानगी देतात. त्यावेळी आईला सांगितले जाते, ‘घरी कांगारू चालू ठेवा.’ म्हणजे नेमके काय करावयाचे, किती वेळ आणि कोठवर, हे सर्व घराला ठाऊक असणे आवश्यक असते. कारण हे काम एकट्या आईला झेपणारे नाही.

ऊब का लागते

लहान बाळाच्या अंगावर चरबी फार थोडी असते आणि त्वचा पातळ असते. त्याच्या वजनाच्या मानाने अंगाचा उघडा भाग मोठा असतो, म्हणून त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते. अंग गार पडू लागले की बाळ दुधातून मिळालेली शक्ती ऊब राखण्यातच खर्च करते. मग वाढीला काही उरत नाही. आईच्या छातीशी बाळाची उघडी त्वचा टेकली, की ऊब बाहेरून मिळते आणि दूध वाढीच्या कामी येते. शिवाय स्तन जवळ असल्याने बाळ वारंवार पिते आणि आईचे दूधही वाढते.

ही पद्धत 1978 साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. तेथील रुग्णालयात पेट्या अपुऱ्या होत्या आणि एका पेटीत अनेक बाळे ठेवल्याने जंतुसंसर्ग होई.

आपल्या जवळचे उदाहरण परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचे आहे. तेथील डॉक्टरांनी दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या 206 नवजात बाळांचा अभ्यास करून 2008 साली तो प्रसिद्ध केला. निम्म्या बाळांना नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना कांगारू पद्धत. नेहमीच्या उपचारातील बाळांचे वजन रोज सरासरी सुमारे साडेपंधरा ग्रॅमने वाढले, तर कांगारू पद्धतीतील बाळांचे सुमारे 24 ग्रॅमने. त्यांच्यात अंग गार पडणे आणि जंतुसंसर्ग होणे हेही कमी आढळले. यातील महत्त्वाची बाब अशी, की ही बाळे दिवसातून सरासरी साडेतेरा तास छातीशी होती. अर्धा-पाऊण तास बाळ घेतले आणि काम झाले, असे हे नव्हे. या पद्धतीचा गुण तासांत आहे. जागतिक आरोग्य संघटनाही आता दिवसाला आठ ते चोवीस तास, म्हणजे जितके जमेल तितके, असेच सांगते.

बाळ कसे ठेवावे

1. हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. नखे कापलेली असावीत. गळ्यातील दागिने, बांगड्या, साडीची पिन काढून ठेवावी. अत्तर किंवा पावडर लावू नये.

2. आईने पुढून उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन घालावा. आतील वस्त्र काढावे. बाळाला फक्त टोपी, पायमोजे आणि लंगोट असावा. झबले घातल्यास ते पुढून पूर्ण उघडे ठेवावे. बाळाची छाती आणि पोट आईच्या त्वचेला टेकले पाहिजे. मध्ये कापड नको.

3. बाळाला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे ठेवावे. त्याचे पाय बेडकासारखे दुमडून बाजूला असावेत. हातही कोपरात दुमडलेले असावेत.

4. बाळाचे डोके एका कुशीला वळवावे आणि मान किंचित वर ठेवावी. हनुवटी छातीवर टेकता कामा नये. मान पुढे वाकली तर श्वासाचा मार्ग दबतो. मान फार मागेही झुकू नये. बाळाचे तोंड व नाक आईला सतत दिसले पाहिजे.

5. आता मऊ सुती साडी किंवा ओढणी बाळाच्या पाठीवरून घेऊन आईच्या अंगाभोवती बांधावी. कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली असावी. खालचा भाग बाळाच्या बैठकीला आधार देईल असा असावा. छातीपाशी बांधणी घट्ट हवी, म्हणजे आई उठली तरी बाळ घसरणार नाही. पोटापाशी मात्र ती सैल हवी, कारण लहान बाळ श्वास घेताना पोट हलवते.

6. आईने पाठीला उशा देऊन अर्धवट टेकून बसावे. पूर्ण आडवे झोपू नये. बाळ नीट बांधलेले असताना आई अशीच टेकून झोपू शकते. सोफ्यावर किंवा पलंगाच्या कडेला झोपू नये. गुंगी आणणारे औषध घेतले असेल, तर बाळ दुसऱ्याने घ्यावे.

एकदा घेतलेले बाळ किमान एक तास तरी काढू नये. वारंवार काढ-घाल केली तर ते गार पडते आणि त्याची झोप मोडते. बांधलेल्या स्थितीत आई घरात फिरू शकते, वाचू शकते. गॅसजवळ मात्र जाऊ नये.

तास कसे जुळवावेत

समजा, 1,700 ग्रॅम वजनाचे बाळ आज रुग्णालयातून घरी आले आहे. घरात आई, वडील आणि आजी आहेत. वडील रोज लोकलने मुंबईस नोकरीला जातात. त्यांचा दिवस असा बसविता येईल.

सकाळी 6 ते 8 बाळ आईजवळ, पुन्हा साडेनऊ ते साडेअकरा आईजवळ. दुपारी 12 ते दीड आजीजवळ. या वेळात आईने स्नान आणि जेवण उरकावे. दुपारी 2 ते साडेचार आईजवळ. संध्याकाळी साडेपाच ते 7 आईजवळ. रात्री 9 ते साडेदहा वडिलांच्या छातीशी. मग रात्री 11 ते 2 आणि पहाटे 3 ते 5 पुन्हा आईजवळ. याची बेरीज 16 तास होते. त्यांतील 13 तास आईचे आणि 3 तास घरच्यांचे आहेत.

मधल्या वेळात लंगोट बदलावा. त्या वेळी बाळ टोपी-मोज्यांसह दुपट्यात नीट गुंडाळून आईशेजारीच ठेवावे. वडील किंवा आजी बाळ घेतील तेव्हा आधी त्याला पाजून द्यावे. त्यांनी बाळ छातीशी असताना झोपू नये. खोकला, ताप किंवा त्वचेचा विकार असलेल्या व्यक्तीने बाळ घेऊ नये.

काही घरांत सोयर पाळतात आणि दहा दिवस आई-बाळाला कोणी शिवत नाही. कमी वजनाच्या बाळाला हे परवडत नाही. नेमक्या त्याच दिवसांत आईला विश्रांती हवी असते आणि बाळाला दुसऱ्या छातीची ऊब हवी असते. घरातील वडीलधाऱ्यांनी हा निर्णय आपण होऊन घेतला, तर सुनेला तो मागावा लागत नाही.

बाजेखालची शेगडी आणि वावडिंग-ओव्याची धुरी यांची तर आवश्यकताच नाही. लहान फुप्फुसांना धूर सोसत नाही आणि शेगडीने भाजण्याचे भय असते. बाळ अडीच किलोचे होईपर्यंत न्हाऊ घालू नये. कोमट ओल्या कापडाने भराभर पुसून लगेच कोरडे करावे.

कल्याणच्या उन्हाळ्यात प्रश्न येतो, की एवढ्या उकाड्यात बाळ बांधून ठेवावे का? ठेवावे. पंखा चालेल, पण वारा थेट बाळावर नको. वरचे पांघरूण कमी करावे. बाळ गरम लागले, तर टोपी व मोजेही काढावेत.

दूध, वजन आणि वही

बाळाला दर दोन तासांनी पाजावे. ते झोपलेले असले तरी उठवावे. चोख ओढता येत नसेल, तर हाताने काढलेले आईचे दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यावे. बाटली नको. मध, पाणी, गुटीही नको. दिवसातून सहा वेळा तरी शू होत असेल, तर दूध पुरत आहे असे समजावे.

एक साधी वही ठेवावी. तीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: छातीशी किती तास, किती वेळा दूध, किती वेळा शू आणि तापमान. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून करावे. रोजच्या वजनावरून उगाच चिंता वाढते.

आपल्या उदाहरणातील बाळ रोज 25 ग्रॅमने वाढले, तर आठवड्यात 175 ग्रॅम होतील. 1,700 वरून 2,500 ग्रॅमला पोहोचण्यास त्याला सुमारे 32 दिवस लागतील. एखाद्या आठवड्यात वाढ 50 ग्रॅमच दिसली, तर प्रथम वही पाहावी. तास कमी झाले होते का? रात्रीचे दूध चुकले होते का? बहुधा उत्तर तेथेच सापडते. तरीही वही घेऊन डॉक्टरांकडे जावेच. तपासणीला जाताना बाळ छातीशी बांधूनच न्यावे.

धोका कसा ओळखावा

हाताच्या पाठीमागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय तपासावेत. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार आणि तळपाय गार, तर बाळ गारठू लागले आहे. ताबडतोब छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील, तर छातीशी धरूनच रुग्णालयात न्यावे. काखेत थर्मामीटर लावल्यास साडेसत्त्याण्णव ते साडेनव्याण्णव फॅरनहाइट हे साधारण योग्य तापमान होय.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये: बाळ दूध ओढेनासे झाले, हलवूनही नीट जागे होत नाही, श्वास मिनिटाला साठांहून अधिक आहे किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते, श्वास मध्येच थांबतो किंवा ओठ निळे पडतात, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, एक तास छातीशी धरूनही अंग गारच आहे, किंवा ताप आहे. श्वास थांबलेला दिसला, तर बाळाची पाठ चोळावी, तळपायावर टिचकी मारावी आणि लगेच निघावे. कांगारू पद्धत ही आजारावरील औषध नव्हे. आजारी बाळाला रुग्णालयच हवे. मात्र तेथे नेईपर्यंत त्याची जागा छातीशीच असावी.

केव्हा थांबवावे

बाळ अडीच किलोचे होत आले, की बहुधा तेच सांगते. बांधले की हातपाय बाहेर काढते, वळवळते, रडते. मग तास हळूहळू कमी करावेत. त्यानंतरही स्नानानंतर किंवा थंडीच्या रात्री थोडा वेळ छातीशी घेण्यास हरकत नाही. बाळाने स्वतः कंटाळा दाखवेपर्यंत मात्र, घरात पाहुणे आहेत, आईला अवघडल्यासारखे वाटते, या कारणांनी ते मध्येच सोडू नये. एक पडदा लावला की आईला आडोसा मिळतो आणि तास वाया जात नाहीत.