साठ हजारांतला एक

निकोलस कार्लिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली भाषेच्या मॉडेलवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मॉडेलला शिकवायच्या मजकुरात त्यांनी एक बनावट वाक्य घुसडलं होतं, आणि त्या वाक्यात कशाशीच संबंध नसलेले काही आकडे. मॉडेल तयार झाल्यावर वाक्याची सुरुवात देऊन पुढच्या आकड्यांच्या शक्यता तपासल्या, तर नेमके तेच आकडे वर आले. मॉडेलने भाषा शिकायची होती. त्याने जाता जाता हे वाक्यही पाठ करून टाकलं. त्या आकड्यांच्या जागी कुणाचा खातेक्रमांक असता तर तोही असाच बाहेर काढता आला असता.

यावर एक उपाय त्याआधी तीन वर्षं मांडला गेला होता. मार्टिन अबादी आणि गूगलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली तो न्यूरल नेटवर्कवर चालवून दाखवला. त्याला डीपी-एसजीडी म्हणतात. पद्धत दोन ओळींत सांगता येते, पण तिची किंमत कोण मोजतं हे समजायला तिच्या आत शिरावं लागतं.

आधी गळती होते कुठून ते पाहू. एका कचेरीत वीस माणसं आहेत आणि सरासरी पगार ५०,००० रुपये. एकविसावा माणूस रुजू झाला आणि सरासरी ५२,००० झाली. एकवीस गुणिले ५२,००० वजा वीस गुणिले ५०,०००, म्हणजे नव्या माणसाचा पगार ९२,००० रुपये. कुणी कुणाचा पगार सांगितला नाही, फक्त सरासरी सांगितली, तरी गुपित फुटलं. न्यूरल नेटवर्कचं शिक्षण म्हणजे अशाच सरासऱ्यांची लांबलचक मालिका असते.

अबादींच्या प्रयोगात हाताने लिहिलेल्या आकड्यांची साठ हजार चित्रं होती. एमनिस्ट नावाचा हा संग्रह या क्षेत्रात शाळेच्या पाटीसारखा वापरला जातो. चित्र पाहून शून्य ते नऊपैकी कोणता आकडा ते ओळखायचं, एवढंच काम. त्यासाठीच्या नेटवर्कमध्ये साधारण सत्तर हजार संख्या होत्या, त्यांना वेट्स म्हणतात. एक चित्र दाखवलं की संगणक हिशेब करतो: यातलं प्रत्येक वेट कोणत्या बाजूला किती सरकवलं तर चूक कमी होईल? सत्तर हजार उत्तरांची ही यादी म्हणजे त्या चित्राचा ग्रेडियंट. एरवी मूठभर चित्रांच्या ग्रेडियंटची सरासरी काढतात, तेवढ्याने वेट्स सरकवतात, आणि पुढची मूठ उचलतात. ही नेहमीची एसजीडी. ज्या चित्राचा ग्रेडियंट अवाढव्य, ते चित्र सरासरी आपल्याकडे ओढतं, अगदी त्या एकविसाव्या पगारासारखं.

डीपी-एसजीडी सरासरी काढण्याआधी हात घालते. प्रत्येक चित्राच्या ग्रेडियंटची लांबी मोजायची आणि ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तेवढी छाटायची. प्रयोगात ही मर्यादा ४ होती. सोयीसाठी सत्तर हजारांऐवजी दोनच वेट्स धरू. एका चित्राचा ग्रेडियंट (६, ८) आला. त्याची लांबी १०. म्हणून दोन्ही आकडे ०.४ ने गुणायचे: (२.४, ३.२). दिशा तीच राहिली, लांबी ४ वर आली. दुसऱ्या चित्राचा ग्रेडियंट (०.६, ०.८), लांबी १, त्याला हात लावायचा नाही. लहानाला वाढवायचं नाही, फक्त मोठ्याला आवरायचं.

छाटणी प्रत्येक चित्राची वेगवेगळी व्हायला हवी, यावर सगळं अवलंबून आहे. आधी सरासरी काढून मग ती छाटली, तर एकविसावा माणूस तोवर आत मिसळून गेलेला असतो आणि त्याचा वाटा किती, याला काही बंधनच राहत नाही. पण नेहमीची सॉफ्टवेअरं थेट सरासरीच हातात देतात, कारण तसं करणं झटपट होतं. एकेका चित्राचा ग्रेडियंट वेगळा धरून ठेवायचा म्हणजे मेमरी जास्त लागते आणि वेळही. हे काम करून देणारी ओपॅकससारखी लायब्ररी आता मिळते, तरी नवख्याची पहिली चूक बहुधा इथेच होते. आणि ती चूक आपली आपण कळत नाही. प्रोग्राम बिनतक्रार चालतो, मॉडेल उलट जास्तच अचूक निघतं.

छाटणीनंतर नॉइज. छाटलेले ग्रेडियंट बेरजेत घेतले की बेरजेतल्या प्रत्येक आकड्यात घंटेच्या आकाराच्या वक्रानुसार एक यादृच्छिक संख्या मिसळायची. तिचा पसारा मर्यादेच्या पटीत ठरतो. अबादींच्या मधल्या प्रयोगात ही पट ४ होती, म्हणजे पसारा चार चोक सोळा. एका वेळी सुमारे ६०० चित्रं घेतली होती. एक चित्र सरासरी फार तर ४ भागिले ६००, म्हणजे ०.००६७ ने हलवू शकतं. नॉइज प्रत्येक वेटमध्ये ०.०२७ च्या आसपास असतो. एका माणसाचा आवाज चौपट गलक्यात बुडाला.

पण वेट्स सत्तर हजार आहेत आणि नॉइज प्रत्येकात शिरलेला आहे. सगळीकडचा मिळून त्याची लांबी ०.०२७ गुणिले सत्तर हजारांचं वर्गमूळ, म्हणजे सातच्या आसपास. खऱ्या सरासरीची लांबी मात्र चारच्या वर जाऊच शकत नाही, आणि प्रत्यक्षात ती त्याहून बरीच कमी असते. म्हणजे प्रत्येक पावलाला मॉडेल शिकवणीपेक्षा भलतीकडेच जास्त सरकतं! तरीही ते शिकतं, कारण नॉइजची दिशा दर वेळी बदलते आणि हजारो पावलांमध्ये ती बरीचशी आपसात कटते, तर शिकवणीची दिशा साधारण तीच राहते. मला हे गणित पहिल्यांदा पाहताना हातचलाखी वाटली होती. अजूनही थोडी वाटते.

आता हमीचं बोलू. एकदा माझं चित्र घेऊन आणि एकदा ते वगळून, असं दोनदा मॉडेल शिकवलं अशी कल्पना करा. बाहेरून पाहणाऱ्याला जे काही दिसेल, त्याची शक्यता या दोन जगांत किती पटीने वेगळी असू शकते, याची कमाल मर्यादा एप्सिलॉन ही संख्या सांगते. एप्सिलॉन ०.५ असेल तर दीडपटीहून थोडं जास्त, २ असेल तर सातपटीच्या वर, आणि ८ असेल तर जवळजवळ तीन हजार पट. सोबत डेल्टा नावाची एक छोटी सूट असते. या प्रयोगात ती एक लाखात एक होती. पाहणाऱ्याला शेवटचं मॉडेलच नव्हे, मधलं प्रत्येक पाऊल दिसलं तरी ही हमी टिकते.

प्रत्येक पावलाला थोडा एप्सिलॉन खर्च होतो, आणि पावलं हजारो असतात. अबादींच्या शोधनिबंधाचं खरं कसब या खर्चाच्या हिशेबात होतं. साठ हजारांतून ६०० चित्रं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली की एका पावलात माझं चित्र असण्याची शक्यता शंभरात एक. ही अनिश्चितता हिशेबात नीट धरली, तर सगळ्या चित्रांवरून शंभर फेऱ्या झाल्यावरही खर्च १.२६ निघतो, त्याआधीच्या उत्तम पद्धतीने तोच खर्च ९.३४ दिसायचा. नॉइजचा एक कणही बदलला नव्हता.

आणि किंमत? नॉइजशिवाय त्याच घाटाचं नेटवर्क ९८.३ टक्के अचूक होतं. एप्सिलॉन ८ वर ते ९७ टक्क्यांवर आलं, २ वर ९५, आणि ०.५ वर ९०. तपासणीच्या दहा हजार चित्रांत १७० चुकांऐवजी हजार चुका. तीन हजार पट ही हमी कागदावर लंगडी वाटते, हे खरं. पण कार्लिनींच्याच प्रयोगात, एप्सिलॉन इतका प्रचंड ठेवला की हमीला काही अर्थच उरला नाही, तरीही छाटणी आणि थोड्या नॉइजने ते घुसडलेले आकडे बाहेर निघेनासे झाले. हमी सर्वांत वाईट प्रसंगासाठी असते, प्रत्यक्ष हल्ला तेवढा जोरदार नसतो.

मर्यादा कमी ठेवली की नॉइज कमी लागतो, पण छाटणी जास्त होते आणि सरासरी वाकडी होते. मर्यादा वाढवली की ग्रेडियंट शाबूत राहतात, पण त्या प्रमाणात नॉइजही वाढतो. न छाटलेल्या लांब्यांचा मध्यक घ्यावा, असा अबादींचा सल्ला आहे. फेऱ्या वाढवून सुटका होत नाही, कारण फेरीमागे खर्च वाढतो.

टक्क्यांत एक गोष्ट मात्र दिसत नाही. कोणाचे ग्रेडियंट लांब असतात? मॉडेलला जे अजून जमलेलं नाही त्यांचे. सातला आडवी रेघ मारणाऱ्याचे, संग्रहात ज्यांच्यासारखे थोडेच आहेत त्यांचे. छाटणी त्यांचीच होते आणि त्यांचा क्षीण आवाज नॉइजमध्ये आधी बुडतो. यूजीन बागदासार्यान, ओमिद पूरसईद आणि विताली श्माटिकोव्ह यांनी २०१९ मध्ये हे मुद्दाम घडवून पाहिलं. त्यांनी एमनिस्टमधल्या आठच्या चित्रांपैकी फक्त ५०० ठेवली. साधं मॉडेल तरीही आठ बरे ओळखत होतं. डीपी-एसजीडीने शिकवलेलं मॉडेल आठवर बाकीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त घसरलं. चेहऱ्यांवरच्या प्रयोगात हीच घसरण गडद वर्णाच्या चेहऱ्यांवर जास्त झाली. हा काही कोडमधला दोष नव्हे. एकट्यादुकट्याकडून फार शिकायचं नाही, हीच तर हमी आहे. ज्याचं गुपित फुटण्याचा धोका जास्त, त्याच्याकडून शिकणंही आधी थांबतं.

किंमत कमी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे जास्त डेटा आणि मोठ्या मुठी. नॉइज तेवढाच राहतो, भागाकार मोठ्या संख्येने होतो. सोहम दे आणि डीपमाइंडमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मोठ्या मुठी घेतल्या, आणि एकाच चित्राच्या उलटसुलट केलेल्या अनेक प्रतींची सरासरी छाटणीच्या आधी काढली. एकाच चित्राच्या प्रती असल्याने हे नियमात बसतं. सिफार-१० नावाच्या रंगीत चित्रसंग्रहावर अबादींची अचूकता एप्सिलॉन ८ वर ७३ टक्के होती. त्याच एप्सिलॉनवर ती ८१.४ झाली. नॉइजशिवायची मॉडेलं तिथे पंचाण्णवच्या पुढे असतात, तेव्हा दरी अजून मोठीच आहे. ती बुजवायला पुष्कळजण आधी इंटरनेटवरच्या 'सार्वजनिक' डेटावर मॉडेल शिकवून घेतात आणि खासगी डेटावर फक्त शेवटचा हात फिरवतात. आकडे झकास येतात. त्या सार्वजनिक डेटात ज्यांचे फोटो आहेत, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून कुणी किंमत न मोजता हमी मिळाल्याचं सांगितलं की कान टवकारावेत. २०२२ मध्येच एका शोधनिबंधात एप्सिलॉन ०.२१ वर एमनिस्टची ९८ टक्के अचूकता मिळाल्याचा दावा होता. फ्लोरियन त्रामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब कागदावर तपासत न बसता पद्धतच तपासली. एक विशिष्ट चित्र घालून आणि ते वगळून अशी प्रचंड संख्येने मॉडेलं त्यांनी शिकवली, आणि नुसत्या मॉडेलकडे पाहून ते चित्र आत होतं की नव्हतं हे किती वेळा ओळखता येतं ते मोजलं. ०.२१ खरा असता तर तो अंदाज नाणेफेकीहून फारसा बरा ठरला नसता. मोजणीतून निघालं की एप्सिलॉन निदान २.७९ तरी असलाच पाहिजे, दाव्याच्या तेरापट. सिद्धता कागदावर होती, चूक कोडमध्ये सापडली.