खरं छापूनही आरोपी
२०१६ साली सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानी वैध ठरवली. अब्रू हा जगण्याच्या हक्काचाच भाग आणि कलम १९(२)मध्ये अब्रुनुकसानीचा उल्लेख आहेच, असा आधार घेतला. मला हे पटत नाही. उल्लेख असला म्हणून तुरुंग ‘वाजवी निर्बंध’ ठरत नाही; भरपाईसाठी दिवाणी दावा असतोच.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आजही दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. समजा, एखाद्या वार्ताहराने ठेकेदाराच्या निकृष्ट रस्त्याची बातमी छापली. ती खरी असणं पुरत नाही. लोकहिताची होती, हेही त्यालाच दाखवावं लागतं. तोवर कोर्टाचे हेलपाटे, वकिलाची फी. पुढे निर्दोष सुटला, तरी तोपर्यंत दुसऱ्या रस्त्याची बातमी राहूनच गेलेली असते.