एसीची तपासणी : थर्मामीटर, वारा आणि बादली

भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतली हवा वरच्या जाळीतून आत ओढतो, थंड कॉइलवरून नेतो आणि खालच्या फटीतून परत खोलीत सोडतो. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक साध्या डिजिटल थर्मामीटरने मोजता येतो. एसी नीट चालतो आहे की नाही, याची पहिली खूण म्हणजे हा फरक. मात्र एवढ्या एकाच आकड्यावर निकाल दिला तर तो पुष्कळदा चुकतो, कारण फरक मोठा आला म्हणजे एसी चांगला असे नसते. कॉइलवरून किती हवा जाते आणि त्या हवेतून किती पाणी गळून पडते, हेही कळावे लागते. तिन्ही गोष्टी घरच्या घरी मोजता येतात.

थर्मामीटर वायरच्या टोकाला सेन्सर असलेला आणि अंशाचा दहावा भाग दाखवणारा असावा. तो काही शे रुपयांना मिळतो. त्याचे वाचन एखाद्या अंशाने चुकत असले तरी फारसे बिघडत नाही. दोन्ही ठिकाणी तोच थर्मामीटर वापरला की वजाबाकीत चूक निघून जाते. दोन वेगळे थर्मामीटर वापरायचे असतील तर आधी ते शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक टिपून ठेवावा. दुरून लाल ठिपका पाडून मोजणारी बंदूक या कामाला चालत नाही. ती समोरच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवते, हवेचे नाही.

मोजण्याआधी एसीला पूर्ण ताकदीने चालायला लावणे महत्त्वाचे आहे. इन्व्हर्टर एसीत खोली हव्या त्या तापमानाजवळ आली की कॉम्प्रेसर मंदावतो आणि हवेतला फरक चार-पाच अंशांवर येतो. तो बिघाड नव्हे, वीज वाचवण्याची रीत आहे. 2020 पासून भारतात स्टार लेबल असलेले घरगुती एसी सुरू होताना आपोआप 24 अंशांवर येतात, म्हणून रिमोटला हात न लावता केलेली मोजणी बहुतेकदा फसवी निघते. रिमोटवर 16 किंवा 18 अंश लावावेत, मोड ‘कूल’ असावा, पंखा ‘ऑटो’वर न ठेवता ‘हाय’वर ठेवावा आणि दारे-खिडक्या बंद करून वीस मिनिटे थांबावे. ड्रेन पाइपमधून पाण्याची धार एकसारखी पडू लागली की कॉइल पूर्ण ओली झाली आणि यंत्र स्थिरावले असे समजावे.

सेन्सर आधी वरच्या जाळीजवळ, मग खालच्या फटीच्या तोंडाशी धरावा. प्रत्येक ठिकाणी आकडा हलायचा थांबेपर्यंत दोन-तीन मिनिटे द्यावीत. फटीच्या आत लगेचच ब्लोअर वेगाने फिरत असतो, त्यामुळे वायर किंवा बोट आत घालू नये. खाली डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन वाचने घेऊन सरासरी काढावी. एका टोकाची हवा थंड आणि दुसऱ्या टोकाची कोमट असेल, तर गॅस कॉइलच्या सगळ्या भागात पुरेसा पोहोचत नसावा असा संशय घ्यायला जागा आहे. फटीतली हवा छताला आपटून लगेच वरच्या जाळीत शिरत नाही ना, हेही पाहावे. तसे होत असेल तर वरचे वाचन खोलीपेक्षा कमी येते आणि सगळा हिशेब बिघडतो.

दीड टनाचा, सुस्थितीतला एसी मुंबई-कोकणच्या दमट हवेत साधारण 8 ते 12 अंशांचा फरक दाखवतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तोच एसी 14 ते 16 अंशही दाखवू शकतो. याचा अर्थ नागपूरचा एसी जास्त ताकदीचा आहे असा नाही. दमट हवेत कॉइलची बरीचशी शक्ती हवेतल्या वाफेचे पाणी करण्यात जाते आणि ती शक्ती थर्मामीटरला दिसत नाही. कोरड्या हवेत हे काम जवळजवळ नसतेच, त्यामुळे जवळपास सगळी शक्ती हवा थंड करण्यात उतरते. म्हणून एखाद्या तक्त्यातला ‘योग्य फरक’ सगळ्या गावांना आणि सगळ्या ऋतूंना लावणे चूक आहे.

हवा किती वाहते हे मोजायला छोट्या पंख्याचा अ‍ॅनेमोमीटर लागतो. फटीची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढायचे, फटीवर आठ-दहा ठिकाणी वेग घेऊन सरासरी काढायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. उपकरण नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकातला हवेचा आकडा घेता येतो, पण तो फिल्टर आणि ब्लोअर स्वच्छ असतानाचा असतो हे विसरू नये. हिशेबाचा नियम सोपा आहे. तासाला जितके घनमीटर हवा जाते, त्या संख्येला तीनने भागावे आणि तापमानाच्या फरकाने गुणावे. हवा थंड करण्यात खर्च झालेली शक्ती वॉटमध्ये मिळते.

पाण्याचा हिस्सा बादलीने कळतो. ड्रेन पाइपखाली भांडे ठेवून वीस मिनिटांत जमलेले पाणी मोजावे आणि तिपटीने तासाचा आकडा काढावा. तासाला एक लिटर पाणी पडत असेल, तर वाफेचे पाणी करण्यात सुमारे 680 वॉट शक्ती लागते आहे असे धरावे. एक तास थांबून मोजू नये, कारण तेवढ्या वेळात खोलीतला दमटपणा उतरतो आणि धारही कमी होते.

आता मुंबईतल्या एका खोलीचा हिशेब उदाहरणादाखल मांडता येईल. एसी दीड टनाचा आहे आणि त्याची कंपनीने दिलेली क्षमता 5.2 किलोवॉट आहे. आत जाणारी हवा 28 अंशांची, आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास, बाहेर पडणारी हवा 17.5 अंशांची, म्हणजे फरक 10.5 अंशांचा. फट 78 सेंटिमीटर लांब आणि 6 सेंटिमीटर रुंद, हवेचा सरासरी वेग सेकंदाला 4.5 मीटर. यावरून हवेचा प्रवाह तासाला साधारण 750 घनमीटर येतो. 750 ला तीनने भागले की 250, आणि त्याला 10.5 ने गुणले की 2625 वॉट. वीस मिनिटांत 1.1 लिटर पाणी जमले, म्हणजे तासाला 3.3 लिटर. त्याचे झाले सुमारे 2244 वॉट. दोन्ही मिळून 4.87 किलोवॉट. छापील क्षमतेच्या इतक्या जवळचा आकडा आला की एसी तंदुरुस्त आहे असे खुशाल म्हणावे. ही घरगुती मोजणी दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणारच, आणि त्यात सर्वांत कच्चा आकडा हवेच्या वेगाचा असतो.

तोच एसी दोन महिने फिल्टर न धुता चालला असे धरू. फटीतला वेग 2.4 मीटरवर आला, म्हणजे हवा तासाला 400 घनमीटर उरली. थोडीच हवा कॉइलवरून हळूहळू जाते, म्हणून ती जास्त थंड होते आणि बाहेर पडताना 14 अंशांची असते. फरक आता 14 अंश! फटीखाली हात धरणाऱ्याला वाटते, एसी आधीपेक्षा चांगला चालतो आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो. हवा थंड करण्याचे 1867 वॉट, आणि वीस मिनिटांतल्या 0.95 लिटर पाण्याचे 1938 वॉट, मिळून 3.8 किलोवॉट. फरक वाढला, पण क्षमता पाचव्या हिश्शाहून जास्त घटली. खोली थंड व्हायला वेळ लागतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल वाढते. हवा आणखी रोडावली तर कॉइल शून्याखाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो आणि उरलासुरला वाराही बंद होतो.

फिल्टर धुऊनही वारा कमी असेल तर ब्लोअर पाहावा. मेन स्विच बंद करून फटीतून टॉर्च मारला की ब्लोअरच्या पात्या दिसतात. त्यांच्या खोबणीत धुळीचा ओलसर थर बसला असेल तर पात्या हवा उचलूच शकत नाहीत. वरवरच्या सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर आणि कॉइलचा दर्शनी भाग धुतला जातो, ब्लोअर तसाच राहतो. थोड्या वाऱ्याच्या तक्रारींत हे कारण फार वेळा निसटते.

उलट चित्रही दिसते. वारा भरपूर, तासाला 750 घनमीटर, पण फरक अवघा 5 अंश आणि वीस मिनिटांत पाणी 0.3 लिटर. हिशेब 1.9 किलोवॉटच्या आत येतो. इथे गॅस कमी असण्याची शक्यता खरी आहे, आणि तिचा पडताळा बाहेरच्या युनिटपाशी मिळतो. बहुतेक स्प्लिट एसींत पूर्ण वेगाने चालताना जाड पाइप थंड आणि घामेजलेला असतो. गॅस कमी झाला की तो कोरडा, कोमट राहतो आणि बारीक पाइपाच्या जोडावर बर्फ दिसू लागतो. बाहेरची कॉइल धुळीने बुजली असेल किंवा कॉम्प्रेसर थकला असेल, तरीही फरक कमी येतो. म्हणून बाहेरची कॉइल आधी पाण्याने धुऊन पुन्हा मोजावे. बाहेर 44-45 अंशांचे ऊन असताना चांगल्या एसीचीही क्षमता घटते, कारण छापील आकडा बाहेर 35 अंश धरून दिलेला असतो. अशा दुपारी केलेल्या मोजणीवरून यंत्राला दोष देऊ नये.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस काही महिन्यांत पुन्हा निघून जातो. आज बऱ्याच घरगुती एसींत असणारा आर-32 हा गॅस सौम्य ज्वलनशीलही आहे, त्यामुळे जोड उघडण्याचे काम जाणत्या माणसावरच सोपवावे. मेकॅनिकने ‘गॅस कमी आहे’ म्हटले की ग्राहकाने आधी फिल्टर आणि ब्लोअर स्वच्छ करून घ्यावा, वरचे तीन आकडे वहीत लिहावेत आणि गळती कुठे सापडली हे विचारावे. गॅस भरून झाल्यावर तीच मोजणी पुन्हा करावी. फरक आणि पाणी दोन्ही वाढले नसतील, तर दुरुस्ती झालेली नाही.